हिरा आणि किंबरलाइट : प्रवासी कोण, वाहन कोण?

अभियांत्रिकी भूशास्त्र शिकवताना हिऱ्याचा विषय निघाला की मी वर्गाला एक साधा प्रश्न विचारतो : हिरा कशापासून बनतो? दरवर्षी मागच्या बाकावरून एकच उत्तर येते, "सर, कोळशापासून. कोळसा जमिनीत खोल दाबला गेला की त्याचा हिरा होतो." उत्तर चूक आहे, पण ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. सुमारे १३५ वर्षांपूर्वी एका हुशार भूशास्त्रज्ञाने जवळजवळ हेच उत्तर पुराव्यानिशी मांडले होते आणि विद्वानांनी ते गंभीरपणे ऐकले होते. ते उत्तर कसे तयार झाले, का पटले आणि कोणत्या पुराव्यांनी मोडले, हे या टिपणात पाहू. त्याच वाटेने जाताना हिरा पृथ्वीच्या पोटात कसा तयार होतो आणि वर कसा येतो, तेही उलगडत जाईल.

संपूर्ण टिपणात एकच प्रश्न डोळ्यांसमोर ठेवा. किंबरलाइट नावाच्या ज्वालामुखीय खडकात हिरा सापडतो. मग तो खडक हिऱ्याची आई आहे की केवळ त्याला वर आणणारी गाडी?

१. नदीच्या रेतीतून कोरड्या जमिनीवर

हजारो वर्षे जगाला हिरा मिळाला तो भारतातून आणि बहुतांशी नद्यांच्या गाळातून. कृष्णेच्या काठचे कोल्लूर हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध ठिकाण. १७ व्या शतकात ताव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या तिथे गेला होता आणि त्याने तिथल्या खोदकामाचे वर्णन लिहून ठेवले आहे. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख 'ऐन-इ-अकबरी'त आहे. १८ व्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे मिळू लागले, तेही नद्यांच्या रेतीगोट्यांतच.

नदीच्या गाळात सापडलेली वस्तू आपले मूळ गाव सांगत नाही. पाणी तिला शेकडो किलोमीटर वाहून आणते आणि वाटेत तिच्याभोवतीचा मूळ खडक झिजून नाहीसा होतो. हिरा अतिशय कठीण असल्यामुळे टिकतो, पण एकटा टिकतो. त्यामुळे हिरा कोणत्या खडकात जन्मतो, या प्रश्नाला हात घालायला शास्त्रज्ञांकडे काही साधनच नव्हते.

दक्षिण आफ्रिकेतही सुरुवात नदीकाठीच झाली. १८६६-६७ च्या सुमारास ऑरेंज नदीजवळ होपटाउन परिसरात पहिला हिरा सापडला, आणि पाठोपाठ आलेल्या लोकांनी नदीकाठ उकरायला सुरुवात केली. १८६९ ते १८७१ या काळात मात्र वेगळेच घडले. नदीपासून दूर, कोरड्या माळरानावर, डुटॉइट्सपॅन, बुल्टफॉन्टेन, डी बिअर्स आणि कोल्सबर्ग कोप्ये या ठिकाणी हिरे मिळू लागले. कोल्सबर्ग कोप्ये ही एक लहानशी टेकडी होती. तिथे इतके खोदले गेले की टेकडी जाऊन प्रचंड खड्डा झाला. त्या जागेभोवती वसलेले गाव म्हणजेच किंबर्ली.

इथे पहिल्यांदाच हिरा त्याच्या भोवतालच्या खडकासकट हाती आला. वरची माती पिवळसर आणि मऊ होती. खोदणारे तिला 'पिवळी जमीन' म्हणत. काही मीटर खाली गेल्यावर पिवळी माती संपली आणि निळसर-करडा, टणक थर लागला. अनेकांना वाटले की हिरे संपले, हा तळ आहे. काहींनी आपले वाटे घाईने विकून टाकले. पण निळ्या थरातही हिरे होतेच. पिवळी माती म्हणजे याच निळ्या खडकाचा हवापाण्याने कुजलेला वरचा भाग होता. निळा खडक उघड्या मैदानावर काही महिने पसरून ठेवला की तो आपोआप भुसभुशीत होई आणि मग धुऊन त्यातले हिरे काढता येत.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. हा निळा खडक आडवा पसरलेला थर नव्हता. तो वर रुंद आणि खाली निमुळता होत जाणाऱ्या, गाजरासारख्या आकाराच्या उभ्या नळीत भरलेला होता, आणि भोवती पूर्णपणे वेगळे खडक होते. एमिल कोहेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८७२ मध्येच ही नळी ज्वालामुखीची असल्याचे मत मांडले होते.

२. लुइस यांचे उत्तर आणि त्यामागचा पैशाचा प्रश्न

हेन्री कार्व्हिल लुइस या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने या निळ्या खडकाच्या नमुन्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. हा ऑलिव्हिनने समृद्ध असा अग्निजन्य खडक आहे, म्हणजे वितळलेल्या रसापासून आलेला आहे, हे त्यांनी दाखवले. १८८६ साली ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्यांनी आपले निष्कर्ष वाचले आणि पुढच्या वर्षी या खडकाला 'किंबरलाइट' हे नाव सुचवले. ते नाव आजही तसेच आहे. १८८८ मध्ये, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी, लुइस यांचे निधन झाले.

खडकाची ओळख त्यांनी बरोबर पटवली, पण हिऱ्याच्या जन्माबद्दलचा त्यांचा अंदाज वेगळा होता. किंबर्लीच्या नळीच्या वरच्या भागाभोवती काळा, कार्बनयुक्त शेल खडक आहे. शेल म्हणजे चिखलाचे थर दाबून झालेला खडक. नळीतल्या निळ्या खडकात या शेलचे असंख्य तुकडे अडकलेले दिसत. लुइस यांचा तर्क असा होता की तप्त शिलारस शेल फोडून वर आला, त्याने शेलमधला कार्बन गिळला आणि त्या उष्णतेत कार्बनचे हिरे झाले. आमच्या वर्गातले कोळशाचे उत्तर याच तर्काचे सोपे रूप आहे.

खाणमालकांसाठी ही केवळ पुस्तकी चर्चा नव्हती. लुइस यांचे म्हणणे खरे असेल, तर शेल जिथे संपतो तिथून खाली हिरेही संपायला हवेत. आणि शेल फार खोल नव्हता. त्याखाली प्राचीन लाव्हा आणि क्वार्ट्झाइटसारखे कठीण खडक होते, ज्यांत असा कार्बन नव्हता. खोल विहिरी खणायच्या, भुयारे काढायची, यंत्रे आणायची, तर हा खर्च वसूल होणार की नाही, हे याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होते.

उत्तर खाणीनेच दिले. शेलची पातळी मागे पडली तरी निळा खडक हिरे देत राहिला. किंबर्लीचा उघडा खड्डा सुमारे २४० मीटर खोल झाला आणि त्यानंतर भुयारी खोदकाम जवळजवळ ११०० मीटर खोलीपर्यंत गेले. १९१४ मध्ये ही खाण बंद झाली तोवर तिच्यातून सुमारे २ कोटी २५ लाख टन खडक उपसून २७२० किलो हिरे निघाले होते. म्हणजे टनामागे एक अष्टमांश ग्रॅमसुद्धा नाही. पुढे १९०२-०३ मध्ये प्रिटोरियाजवळ प्रीमियर नावाची मोठी नळी सापडली. तिच्या भोवती असा काळा शेल नव्हता, तरी तिच्यात हिरे होते. १९०५ मध्ये ३१०६ कॅरेटचा कलिनन हिरा मिळाला तो तिथेच.

शेल सिद्धांत असा मोडला. पण त्याने फक्त कार्बन शेजारच्या खडकातून आला नाही एवढेच सिद्ध झाले. खोल जागी खुद्द किंबरलाइटच्या रसातच हिरे वाढले असतील, जसे पाकात साखरेचे स्फटिक वाढतात, ही शक्यता अजून शिल्लक होती.

३. पाहुणे दगड

१८९९ मध्ये टॉमस बॉनी या इंग्रज भूशास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक शोधनिबंध सादर केला. किंबर्लीच्या वायव्येला न्यूलँड्स नावाच्या खाणीत किंबरलाइटमध्ये अडकलेले गोलसर दगड सापडले होते. हे दगड किंबरलाइटचे नव्हते. ते एक्लोजाइट या अगदी वेगळ्या खडकाचे होते. लालसर गार्नेट आणि हिरवट पायरॉक्सिन यांचा तो घट्ट, जड खडक. आणि त्या दगडांच्या आत हिरे जडलेले होते.

याचा अर्थ नीट समजून घ्या. आधी एक्लोजाइट होता, त्यात हिरा होता, मग किंबरलाइटचा रस तिथून जाताना त्याने एक्लोजाइटचे तुकडे तोडून घेतले, वाटेत ते घासून गोल झाले आणि नळीत येऊन थांबले. एखाद्या पेटीत दागिना सापडला, तर दागिना ट्रकमध्ये घडवला असे आपण म्हणत नाही. बॉनी यांचा निष्कर्षही असाच होता : किंबरलाइट हे हिऱ्याचे जन्मस्थान नाही.

अशा परक्या दगडांना भूशास्त्रात झेनोलिथ म्हणतात. किंबरलाइटमधले झेनोलिथ प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या जाड खडकाळ भागातून, आलेले नमुने असतात. आपण कितीही खोल विंधन घेतले तरी प्रावरणापर्यंत पोहोचलेलो नाही. रशियातील कोला येथील सर्वांत खोल विंधनही १२ किलोमीटरच्या थोडे पुढे जाऊन थांबले. त्यामुळे हे दगड फार मोलाचे आहेत.

तरीही बॉनी यांच्या पुराव्याने वाद मिटला नाही. विरोधक म्हणत, काही थोडे हिरे एक्लोजाइटमधून आले असतील, पण बाकीचे सुटे हिरे रसातच वाढले नसतील कशावरून? नुसत्या दगडांवरून यापुढे जाता येत नव्हते. त्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या : हिऱ्याला लागणारी खोली मोजता येणे आणि हिऱ्याचे वय मोजता येणे.

४. खोलीचा हिशेब

कार्बनची दोन नेहमीची रूपे म्हणजे ग्रॅफाइट आणि हिरा. कमी दाबाला ग्रॅफाइट स्थिर असते, जास्त दाबाला हिरा. तापमान वाढले की हिऱ्याला आणखी जास्त दाब लागतो. १९५४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत ट्रेसी हॉल यांनी जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत खात्रीने पुन्हा पुन्हा करता येईल अशा रीतीने कृत्रिम हिरा बनवला. त्यानंतर प्रयोगांतून या दोन रूपांमधली सीमारेषा चांगली निश्चित झाली. ती एका सरळ रेषेने मांडता येते :

दाब (किलोबार) = १९.४ + तापमान (अंश सेल्सिअस) ÷ ४०

१ किलोबार म्हणजे साधारण १००० वातावरणांचा दाब. आता हिशेब करून पाहा. समजा एखाद्या ठिकाणी तापमान १००० अंश आहे. मग लागणारा दाब १९.४ + २५ = ४४.४ किलोबार. हा दाब किती खोलीवर मिळेल? खंडाखालचे कवच ४० किलोमीटर जाड धरले, तर त्याच्या वजनाने सुमारे ११ किलोबार दाब येतो. उरलेले ३३.४ किलोबार प्रावरणाच्या जड खडकातून मिळायला हवेत, आणि तिथे सुमारे ३.१ किलोमीटरला १ किलोबार मिळतो. ३३.४ × ३.१ म्हणजे जवळपास १०४ किलोमीटर. त्यात ४० मिळवा : सुमारे १४५ किलोमीटर.

आता तापमान १४०० अंश घ्या. लागणारा दाब ५४.४ किलोबार आणि खोली सुमारे १७५ किलोमीटर. म्हणजे जमिनीखालचा भाग जितका गरम, तितकी हिऱ्याची हद्द खाली सरकते. म्हणून हिऱ्याला दाबाइतकाच थंडावाही हवा. अर्थात हजार अंशांचा थंडावा!

असा थंडावा फार जुन्या भूखंडांखाली असतो. त्यांना क्रेटॉन म्हणतात. तिथे कवच आणि वरचे प्रावरण मिळून एक जाड, थंड, कठीण मुळासारखा भाग तयार झालेला असतो. तो जहाजाच्या तळकण्यासारखा १५० ते २०० किलोमीटर किंवा त्याहून खोल गेलेला असतो. त्याच्या खालच्या टोकाला १४० ते २०० किलोमीटर खोलीवर हिऱ्याला हवी तशी स्थिती अब्जावधी वर्षे टिकून राहते. महासागरांखाली असे मूळ नाही. तिथले प्रावरण गरम आहे आणि हळूहळू वाहत असते. टॉम क्लिफर्ड यांनी १९६६ मध्ये दाखवले की खाणीला परवडणारे हिरे देणारी किंबरलाइट अतिप्राचीन क्रेटॉनवरच आढळतात. त्याचे कारण आता तुमच्या लक्षात आले असेल.

कार्बन तिथे कुठून येतो? प्रावरणातच थोडा कार्बन असतो, मुख्यतः कार्बोनेट किंवा मिथेनसारख्या रूपात विरघळलेला. असा द्रव खडकाच्या भेगांतून झिरपत जातो, भोवतालच्या खनिजांशी त्याची ऑक्सिजनची देवघेव होते आणि कार्बन सुटा होऊन हिऱ्याच्या रूपात साचतो. म्हणजे हिरा हा दाबून केलेला कोळसा नसून द्रवातून हळूहळू वाढलेला स्फटिक आहे.

५. १९८४ : हिऱ्याचे वय

हिऱ्याचे वय थेट मोजता येत नाही. हिरा जवळजवळ शुद्ध कार्बन असतो. पुरातत्त्वात वापरला जाणारा कार्बन-१४ इथे उपयोगी नाही, कारण तो सुमारे ५० हजार वर्षांतच संपत येतो. म्हणून शास्त्रज्ञांनी हिऱ्यातील दोषांकडे मोर्चा वळवला. वाढताना हिऱ्यात कधी कधी शेजारच्या खनिजाचे सूक्ष्म कण अडकतात. सराफाच्या दृष्टीने तो डाग, पण हिऱ्याच्या भिंतीआड तो कण बाहेरच्या जगापासून बंद राहतो.

स्टीफन रिचर्डसन, जॉन गर्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किंबर्ली आणि जवळच्या फिन्श खाणीतील हिऱ्यांमधून असे गार्नेटचे कण काढले. एकेक कण इतका छोटा की एकट्याचे मोजमाप शक्य नव्हते, म्हणून अनेक हिऱ्यांमधले कण एकत्र करावे लागले. त्यांनी वापरलेले घड्याळ समेरियम-निओडिमियमचे होते. समेरियम-१४७ हा किरणोत्सारी अणू अत्यंत संथपणे निओडिमियम-१४३ मध्ये बदलतो. त्याचा अर्धायुकाल सुमारे १०,६०० कोटी वर्षे आहे.

घड्याळ असे वाचतात. या गार्नेटमध्ये निओडिमियमच्या मानाने समेरियम कमी होते. त्यामुळे त्यांच्यात निओडिमियम-१४३ चा वाटा पृथ्वीच्या सरासरीपेक्षा हळू वाढत गेला. एकाच वेळी निघालेल्या दोन गाड्यांपैकी एक हळू चालत असेल, तर दोघींमधले अंतर पाहून त्या कधी निघाल्या ते काढता येते. तसेच इथे. किंबरलाइट बाहेर पडतानाच, साध्या प्रावरणातून हे गार्नेट तयार झाले असते, तर अंतर जवळजवळ शून्य मिळायला हवे होते. प्रत्यक्षात मोठे अंतर मिळाले, आणि त्यातून वय निघाले ३२० ते ३३० कोटी वर्षे.

आता गाडीचे वय पाहा. किंबर्लीच्या नळीचे वय सुमारे ९ कोटी वर्षे आणि फिन्शचे सुमारे १२ कोटी वर्षे. प्रवासी गाडीपेक्षा ३०० कोटींहून अधिक वर्षांनी मोठा निघाला! पाकातल्या साखरेची शक्यता या हिऱ्यांपुरती इथे संपली. आणि कोळशाचेही उत्तर मिळाले : जमिनीवरच्या वनस्पती ५० कोटी वर्षांपूर्वीपेक्षा जुन्या नाहीत. ज्या वेळी हे हिरे तयार झाले, त्या वेळी कोळसा होण्यासाठी जगात एक झाडही नव्हते.

पण पुराव्याची मर्यादाही समजून घ्या. मोजले गेले ते गार्नेटचे वय, हिऱ्याचे नाही. आधीच असलेला जुना गार्नेट नंतर वाढणाऱ्या हिऱ्याने गिळला असेल, तर हिरा त्याहून तरुण असू शकतो. शिवाय अनेक हिऱ्यांचे कण एकत्र केल्यामुळे ते एका हिऱ्याचे वय नसून समूहाचे आहे. पुढे एकेका हिऱ्यातील सल्फाइडचे कण रेनियम-ऑस्मियम पद्धतीने मोजता येऊ लागले. तेव्हा दिसले की हिरे एकाच काळात झालेले नाहीत. एकाच खाणीत १०० कोटी आणि ३०० कोटी वर्षांचे हिरे शेजारी मिळू शकतात.

मग हिरा स्वतःही जुना आहे हे कशावरून? याला हिऱ्यातील नायट्रोजन साक्ष देतो. वाढताना हिऱ्यात नायट्रोजनचे अणू सुटे सुटे शिरतात. प्रावरणातल्या उष्णतेत ते अतिशय संथपणे सरकतात, आधी जोड्या करतात आणि नंतर मोठे गट. बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांमध्ये ते जोड्यांत किंवा गटांत आढळतात, आणि त्यासाठी तिथल्या तापमानात कोट्यवधी ते अब्जावधी वर्षे लागतात. कारखान्यातल्या पिवळ्या हिऱ्यांत मात्र ते बहुधा सुटेच राहतात. खरा आणि कृत्रिम हिरा ओळखताना प्रयोगशाळा आजही अवरक्त प्रकाशाने हीच गोष्ट तपासतात.

६. काही तासांचा प्रवास

३०० कोटी वर्षे एका जागी बसलेला हिरा वर येतो तो काही तासांत. इतकी घाई का, हे समजण्यासाठी आधी सावकाश वर आलेल्या हिऱ्यांचे काय होते ते पाहू.

मोरोक्कोमध्ये बेनी बुसेरा नावाची जागा आहे. तिथे प्रावरणाचा एक मोठा तुकडा भूपट्टांच्या हालचालींनी वर ढकलला गेला आहे. त्या खडकात ग्रॅफाइटचे अष्टफलकी तुकडे सापडतात. ग्रॅफाइट स्वतःहून अशा आकारात वाढत नाही. हा आकार हिऱ्याचा आहे. म्हणजे हे एकेकाळी हिरे होते. वर्षाला ३ सेंटीमीटर वेगाने १५० किलोमीटर यायला ५० लाख वर्षे लागतात. इतका काळ, दाब उतरलेला आणि उष्णता मात्र कायम, अशा स्थितीत काढल्यावर हिऱ्याचे ग्रॅफाइट झाले. आकार राहिला, हिरा गेला.

किंबरलाइटच्या रसाचा वेग अभ्यासकांनी वेगवेगळ्या मार्गांनी काढला आहे. त्यांतला एक मार्ग सोपा आहे. रसात आलेले प्रावरणाचे जड दगड खाली बुडून जाण्याआधी वर पोहोचले, म्हणजे रस त्यांच्या बुडण्याच्या वेगापेक्षा जलद चढत असला पाहिजे. अशा अंदाजांतून सेकंदाला काही मीटर ते काही दशक मीटर असा वेग मिळतो. सेकंदाला ४ मीटर धरले, तरी १५० किलोमीटरला ३७,५०० सेकंद, म्हणजे साडेदहा तासांच्या आत प्रवास पूर्ण होतो. हिऱ्याचे ग्रॅफाइट व्हायला एवढा वेळ पुरत नाही. वर येऊन थंड झाल्यावर हिरा नियमाने अस्थिरच असतो, पण अणूंना जागा बदलण्याइतकी ऊर्जा मिळत नाही. म्हणून अंगठीतला हिरा हिराच राहतो.

ही चढण जलद होते ती वायूंमुळे. किंबरलाइटच्या रसात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी भरपूर विरघळलेले असते. रस वर चढू लागला की दाब कमी होतो आणि सोड्याची बाटली उघडल्यासारखा वायू सुटू लागतो. वाटेत रस प्रावरणातील ऑर्थोपायरॉक्सिन हे खनिज विरघळवतो, त्यामुळे त्यातली सिलिका वाढते आणि कार्बन डायऑक्साइड धरून ठेवण्याची क्षमता आणखी घटते. वायूच्या जोराने भेग पुढे फाटत जाते. खोलवर ही वाट जेमतेम मीटर-दोन मीटर रुंदीची भेग असते. शेवटच्या एक-दोन किलोमीटरमध्ये वायू प्रचंड प्रसरण पावतो, खडक फुटतात आणि गाजराच्या आकाराची नळी तयार होते. किंबर्लीच्या खोदणाऱ्यांनी पाहिलेला आकार हाच. असा उद्रेक लिखित इतिहासात कोणीही पाहिलेला नाही. हे सर्व चित्र दगडांवरून आणि प्रयोगांवरून उभे केलेले आहे.

एवढी घाई करूनही गाडी प्रवाशाला थोडी इजा करतेच. किंबरलाइटचा रस हिऱ्याला कडांनी विरघळवतो. म्हणून खाणीतले अनेक कच्चे हिरे धारदार अष्टफलक नसून कडा झिजलेले, गोलसर असतात.

७. गाडी रिकामी की भरलेली?

हिरा हा प्रवासी आहे हे एकदा मान्य केले की बहुतेक किंबरलाइटमध्ये परवडण्याइतके हिरे का नसतात, हे कोडे सुटते. गाडी ज्या थांब्यावरून गेली तिथे प्रवासीच नसतील, तर ती रिकामी येणार. म्हणून शोधताना गाडी कोणत्या थांब्यावरून आली ते आधी तपासतात. १९५४ मध्ये सायबेरियात लारिसा पोपुगायेव्हा यांनी ओढ्यांच्या रेतीतील लाल पायरोप गार्नेटचा माग काढत झार्नित्सा ही तिथली पहिली किंबरलाइट नळी शोधली. पुढे गर्नी यांनी दाखवले की ज्या गार्नेटमध्ये क्रोमियम जास्त आणि कॅल्शियम कमी, ते हिऱ्यांच्या सोबतीने राहणारे असतात. हिऱ्यापेक्षा असे गार्नेट कितीतरी अधिक संख्येने मिळतात. त्यामुळे हिरा दिसण्याआधीच नळीबद्दल अंदाज बांधता येतो. अंदाजच, खात्री नाही. हिरे वाटेत विरघळले असतील, तर गार्नेट चांगले असूनही नळी निराशा करते.

आपल्या देशात मध्य प्रदेशातील पन्नाजवळची मझगवां नळी आणि आंध्र प्रदेशातील वज्रकरूरच्या नळ्या प्रसिद्ध आहेत. दोन्ही जुन्या क्रेटॉन प्रदेशांत आहेत आणि दोन्हींचे वय सुमारे ११० कोटी वर्षे आहे. म्हणजे किंबर्लीच्या कितीतरी आधीची ही वाहतूक. मझगवांचा खडक मात्र काटेकोरपणे किंबरलाइटमध्ये बसत नाही. काही अभ्यासक त्याला लॅम्प्रोइट या जवळच्या खडकात घालतात. ऑस्ट्रेलियातील आर्गाइल ही मोठी हिरेखाणही लॅम्प्रोइटमध्येच होती. गाडीचा प्रकार वेगळा असू शकतो. थांबा मात्र हिऱ्याच्या हद्दीतला हवा.

शेवटी एक अपवाद. सर्वच हिरे क्रेटॉनच्या मुळाशी जन्मत नाहीत. ब्राझीलमधील जुइना येथील एका हिऱ्यात २०१४ मध्ये रिंगवूडाइट हे खनिज सापडले. ते ४१० ते ६६० किलोमीटर खोलीच्या पट्ट्यातच स्थिर असते. म्हणजे काही प्रवासी फार लांबच्या गावाहून आलेले असतात. तेही कळले ते हिऱ्याच्या आत अडकलेल्या कणावरूनच.

स्वाध्याय

१. तापमान ११०० अंश सेल्सिअस असेल, तर हिरा स्थिर राहण्यासाठी किती दाब लागेल? कवच ४० किलोमीटर जाड धरून खोली काढा.

२. एका हिऱ्यातील गार्नेटचे वय २०० कोटी वर्षे आले. 'म्हणून हिऱ्याचे वय २०० कोटी वर्षे आहे' या विधानात कोणते गृहीतक दडलेले आहे? ते तपासण्यासाठी आणखी कोणता पुरावा पाहाल?

३. शेल संपल्यावरही हिरे मिळत राहिले, यावरून लुइस यांचा सिद्धांत मोडला. पण हिरा किंबरलाइटच्या रसात वाढतो हे मत त्याच पुराव्याने का मोडले नाही?